अनुभव धागा: सीटखालची जागा, टोमणे आणि नंतरची दोस्ती

प्रवासात बॅगांवरून वाजलं आणि त्यातूनच ओळख झाली, असे किस्से बऱ्याच जणांकडे असतात. ते इथे येऊ द्या. नुसतं 'भांडलो, मग हसलो' एवढ्यावर सोडू नका. कोण काय बोललं, समोरच्याने काय उत्तर दिलं आणि बॅगा शेवटी कुठे मावल्या, तेही लिहा. सुरुवात मी करते.

रात्रीची गाडी, सहा बर्थचा कप्पा, माझा मधला बर्थ. मी चढले तेव्हा दोन्ही सीटखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. एक काका-काकू आधीच्या स्टेशनवर चढलेले. चार बॅगा, दोन पिशव्या आणि सुतळीने करकचून बांधलेला एक खोका. माझ्याकडे ती मोठी, कडक कवचाची सुटकेस. मी ती मधे उभी केली आणि खाली वाकून बघत म्हटलं, "घर आणलेलं दिसतंय. भिंती तेवढ्या राहिल्या वाटतं?"

काकांनी पेपरातून मानही वर केली नाही. "भिंती मागच्या गाडीने येतायत. तुमचं कपाट मात्र चाकांवर आलंय, सोय आहे."

वरच्या बर्थवरचा कॉलेजचा मुलगा फिसकन हसला. काकूंनी डोळे वटारले, पण कुणाकडे बघून ते कळलं नाही. पुढची पाचेक मिनिटं असंच चाललं. मी हवेत बोलायचे, "काही लोकांना वाटतं, तिकिटासोबत फरशीही मिळते." काका खिडकीला सांगायचे, "काही लोक एका रात्रीसाठी वर्षाचे कपडे घेतात." तेवढ्यात समोरच्या सीटवरच्या बाई उठल्या. तोवर त्या अगदी गप्प होत्या. "तुमचं दोघांचं संपलं असेल तर सगळं बाहेर काढू या. रचलंयच चुकीचं."

आणि काढलं. मुलगा वरून उतरला. खोका सगळ्यात आत, भिंतीला टेकवून आडवा. त्याच्यापुढे कडक सुटकेसा, फटींमध्ये मऊ बॅगा, पिशव्या वर. माझं 'कपाट'सुद्धा गेलं. तरी काका म्हणालेच, "बघा, भिंती नाहीत म्हणून मावलं."

नऊ वाजता कुठूनतरी घंटा वाजायला लागली. आधी एक धून, मग नऊ ठोके. सगळ्यांनी आपापले फोन तपासले. दहाला परत तेच, ठोके दहा. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, सेल काढला होतात ना?" खोक्यात भिंतीवरचं घड्याळ होतं, भाचीच्या नव्या घरासाठी. आणि तो खोका आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या अकलेने, सगळ्यात आत ढकललेला.

मुलगा म्हणाला, "बारापर्यंत वाट बघू, बारा ठोके ऐकू आणि झोपू." बाई म्हणाल्या, "आणि एकला?" मग दिवे लावून सगळा ढीग पुन्हा बाहेर. सुतळीची गाठ सुटेना, ती काकूंनी दातांनी सोडवली. मागचं झाकण उघडून सेल काढेपर्यंत अकरा वाजत आलेच होते. शेजारच्या कप्प्यातून कुणीतरी ओरडलं, "अकराचे नाही वाजले हो!" त्यानंतर तासभर कुणी झोपलं नाही. आमचा ग्रुप अजून आहे, नाव 'सेल काढला का'. त्या मुलाच्या पहिल्या नोकरीची बातमी मला तिथेच कळली.

जुनाडबेवाला: मस्त किस्सा. मी नोकरीभर रात्रीच्या गाड्यांच्या डब्यात काम केलंय, म्हणून थोडं लांबण लावतो. त्या बाई बरोबर होत्या. भांडण बहुतेक वेळा जागेचं नसतं, रचण्याचं असतं. पहिला चढणारा बॅग हात पोचेल तिथे ढकलतो, म्हणजे पुढच्या कडेला. मागे हातभर पोकळी राहते आणि समोरून बघणाऱ्याला 'भरलंय' असं दिसतं. वाद घालण्याआधी मोबाईलचा दिवा मारून मागे बघा.

मोठी सुटकेस ७५ सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. सीटची खोली त्याहून कमी. ती लांबीने आत घातली की टोक बाहेर येतं आणि रात्री उतरणाऱ्याची नडगी फुटते. म्हणून ती सीटच्या लांबीला समांतर, आडवी ठेवायची. अशा दोन ठेवल्या की दीड मीटर गेला. उरलेल्या जागेत ५५ची छोटी बॅग लांबीने आत जाते. पण सीटला मधे लोखंडी पाय असेल तर हा हिशेब कोसळतो. तेव्हा पायाच्या दोन्ही बाजूंचं माप वेगवेगळं धरायचं. डबा बदलला की मापंही बदलतात. शिवाय खाली उंची किती आहे ते बघितल्याशिवाय बॅग कुशीवर उभी करायला जाऊ नका, अडकली की निघत नाही. एकदा अशी अडकलेली सुटकेस तिथेच उघडून, आतले कपडे काढून, चपटी करून बाहेर काढावी लागली होती. मालकाचे कपडे सगळ्या कप्प्याने पाहिले. त्यानंतर त्या कप्प्यात कुणी कुणाला परकं राहिलं नाही!

हँडल नेहमी बाहेरच्या बाजूला. आणि जो आधी उतरणार त्याची बॅग पुढे. 'कुठे उतरणार?' हे विचारावंच लागतं, तिथून निम्मी भांडणं गप्पांत जातात.

खिडकीपाशी: रचणं वगैरे ठीक, पण लोअर बर्थ ज्याचा, खालची जागा त्याची. साधा नियम आहे. वरच्यांनी विचारून ठेवावं.

जुनाडबेवाला: असा नियम मला तरी कधी दिसला नाही. नियमात असतं ते सामानाचं वजन आणि माप, कुणी कुठे ठेवायचं ते नाही. वरच्या बर्थवाल्याने बॅग उशाशी घेऊन झोपायचं का? पण विचारून ठेवावं हे तुमचं शंभर टक्के बरोबर. खाली आधीच काही असेल तर त्याला हात लावण्याआधी तर नक्कीच. दुसऱ्याची बॅग न विचारता सरकवली की टोमण्याचं भांडण होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खिडकीपाशी: मग माझ्या चपला, औषधाची पिशवी, आईची काठी कुठे ठेवू? रात्री अंधारात तिला पाय टेकायला जागा नको? वरच्यांना हे दिसत नाही.

रानजाई: माझा अनुभव गोड नाही, चालेल का? आईचं घर आवरून, किल्ली देऊन निघाले होते. सात-आठ डाग. समोरचा तरुण म्हणाला, "मावशी, घर सोडून निघालात की काय?" मी म्हटलं, "हो." तो एकदम गप्प. सॉरीबिरी काही म्हणाला नाही, ते बरं झालं, मला त्यावर बोलायचंच नव्हतं. त्याने स्वतःची सॅक खालून काढून आपल्या बर्थवर पायथ्याशी घेतली आणि रात्रभर पाय दुमडून झोपला. सकाळी माझे डाग उतरवताना एकेक मोजत म्हणाला, "हा सातवा. भिंती मागच्या गाडीने का?" म्हणजे अगदी तुमच्या काकांचंच वाक्य, म्हणून लिहावंसं वाटलं. तेव्हा मात्र हसू आलं. नंतर त्याने त्याच्या आजीच्या घराचं काय झालं ते प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या सांगितलं. दोन-तीनदा फोन झाले, मग थांबले.

माझं मत विचाराल तर टोमणा बॅगेला मारलेला चालतो. बॅगेच्या मालकाचं वय, तब्येत, घरदार मधे आलं की समोरच्याकडे चिमटा परत द्यायला काही उरत नाही.

चाकमोडे: कडक कवचाच्या सुटकेसचं एक चाक तुटलंय. नुसतं चाक बदलून मिळतं का? चार चाकांची घ्यावी की दोन?

धागाकर्ती: चाकमोडे, धागा चुकला का? 😄

चाकमोडे: नाही हो, विषय सामानाचाच आहे ना. आणि किस्साही आहे. चाक तुटलं ते गाडीत, समोरच्याने लाथेने ढकलताना. तो म्हणाला, "चाक हलकं होतं." मी म्हटलं, "तुमचा पाय जड आहे." झालं. मैत्री नाही झाली.

जुनाडबेवाला: चाक स्क्रूने बसवलेलं असेल तर बदलतं, रिव्हेट असेल तर आधी तो ड्रिलने काढावा लागतो. गाडीसाठी दोन चाकांची बरी. चार चाकांची ब्रेक लागला की आपोआप फिरायला निघते, आणि पुढचा टोमणा ठरलेला.

सावळागोंधळ: मला हे 'शेवटी मैत्री'वालं जरा जास्त होतंय असं वाटतं. माझ्या फोनमध्ये 'सुटकेस काका' आणि 'ढोलकी ताई' असे नंबर आहेत. दोघांशीही रात्रभर फाटेस्तोवर हसलो होतो. फोन एकदाही केला नाही, त्यांचाही आला नाही. आता अचानक करून काय बोलणार? "ढोलकी अजून डोक्यावर पडते का?"

रानजाई: तेच बोला.

सावळागोंधळ: बघतो. ढोलकीचं सांगायचं राहिलं. वरच्या बर्थवर पायथ्याशी ठेवलेली, वळणावर घरंगळली आणि माझ्या पोटावर. ताई वरूनच म्हणाल्या, "आवाज चांगला आला." मी म्हटलं, "रिकामं आहे म्हणून." मग ढोलकी त्यांनी ओढणीने बर्थच्या साखळीला बांधली. गोल वस्तू वर ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

खिडकीपाशी: जुनाडबेवाले, एक सांगा. आईची काठी सीटच्या कडेला आडवी ठेवली तर पुढच्या बॅगा काढताना आड येते. उभी ठेवली तर पडते. तुम्ही लोकांना काय सांगायचात?

जुनाडबेवाला: खिडकीखालच्या छोट्या टेबलाच्या आधाराला दोरीने, मूठ वरच्या बाजूला. झोपल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. आणि बॅगांचं काय, ते वरच्यांशी आधी बोलून घ्या.

खिडकीपाशी: काठीचं पटलं. बॅगांचं नाही.