साहित्य आढाव्याच्या सादरीकरणात नेमकं काय विचारावं?

खडूफळा
एम.ए. अर्थशास्त्राची मुलं पुढच्या आठवड्यात साहित्य आढावा सादर करणार आहेत. विषय सूक्ष्मवित्त आणि गरिबी. दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं प्रश्न. दरवेळी तेच होतं: एक स्लाइड, एक लेखक, शेवटी 'संशोधनातील उणिवा'. मुलांनी स्रोत एकमेकांशी ताडून पाहिलेत की एकेकाचा सारांश मांडलाय, हे कळेल असे प्रश्न सुचवा. काही सहकाऱ्यांच्या मते या पातळीवर असं विचारणंच अन्याय्य आहे. तुमचं मत?

नोंदवही
अन्याय्य अजिबात नाही, पण पाच मिनिटांत दोनच प्रश्न नीट होतात. पहिला प्रश्न मुलाच्याच यादीतले दोन स्रोत समोरासमोर ठेवून विचारा. या विषयावर पिट आणि खांडकर यांचा १९९८ चा बांगलादेशचा अभ्यास यादीत असतोच: बाईने घेतलेल्या दर १०० टाका कर्जामागे घरचा वार्षिक खर्च १८ टाकांनी वाढतो. पुढे कुठेतरी हैदराबादचा बॅनर्जी, दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास येतो: घरखर्चात लक्षणीय फरक नाही. विचारा, "हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का?"

सारांशवाला म्हणेल, "देश वेगळा, पद्धत वेगळी." हे पाठ केलेलं उत्तर आहे, तिथे सोडू नका. लगेच विचारा, "पद्धतीतला कोणता फरक? आणि त्याने आकडा वर गेला की खाली?"

ज्याने ताडून पाहिलंय तो हैदराबादच्या सरासरीकडे बोट दाखवेल. तिथे १०४ वस्त्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत संस्थेने आधी शाखा उघडल्या. पंधरा ते अठरा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा शाखावाल्या वस्त्यांत सुमारे २७ टक्के घरांकडे कुठल्या ना कुठल्या सूक्ष्मवित्त संस्थेचं कर्ज होतं आणि बाकीच्या वस्त्यांतही १८ टक्क्यांकडे होतं. म्हणजे फरक शंभरात आठ-नऊ घरांचा, आणि सरासरी मात्र कर्ज न घेतलेल्या घरांनाही धरून काढलेली. त्या आठ-नऊ घरांना फायदा झाला असला तरी सरासरीत तो विरून जाऊ शकतो. बांगलादेशचा आकडा थेट कर्जाच्या रकमेमागे काढलेला आहे. दोघं वेगळी गोष्ट मोजतायत, हे दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवल्याशिवाय सुचत नाही.

सातारकर
नोंदवही, उत्तर छान आहे, पण ते तुमचं आहे. एम.ए.च्या मुलाकडून ही अपेक्षा म्हणजे चालायला लागण्याआधीच पळायला लावणं. बहुतेकांचा घोळ त्याच्या आधीच होतो. 'लक्षणीय फरक आढळला नाही' याचं ते 'कर्जाचा उपयोग होत नाही' करून टाकतात. आधी प्रत्येक स्रोत नीट समजलाय का ते तपासा. सारांशच चुकीचा असेल तर त्यावर उभं राहिलेलं सगळं कोसळणार. शिवाय सोपी खूण आहे: एका स्लाइडवर एकच लेखक असेल तर सारांश, तीन-चार असतील तर ताडून पाहिलंय. प्रश्नाचीही गरज नाही.

नोंदवही
पहिलं म्हणणं पटलं. चुकीचा सारांश आधी पकडायलाच हवा. फक्त तो याच प्रश्नात पकडला जातो: 'उपयोग होत नाही' असं समजून बसलेला मुलगा दोन्ही निकाल एकत्र खरे असू शकतात हे मान्यच करणार नाही.

स्लाइडची खूण मात्र फसवी. 'अनेक अभ्यासकांच्या मते' म्हणून कंसात चार नावं कोंबली की काम झालं असं मुलं शिकली आहेत. उलट एखाद्याची मांडणी वर्षवार, एकेका लेखकाची असेल आणि तरी धागा पक्का असेल. १९९८ चा दावा, त्याच वर्षी मॉर्डक यांनी घेतलेला आक्षेप की अर्ध्या एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्यांनाही कर्ज मिळत होतं, म्हणजे ज्या पात्रतेच्या नियमावर हिशेब उभा आहे तो पाळलाच जात नव्हता, मग २०१४ ची रूडमन-मॉर्डक फेरतपासणी. तीन स्लाइड, तीन शोधनिबंध, पण प्रत्येक आधीच्याला उत्तर देतोय.

पाटीपेन्सिल
यासाठी सॉफ्टवेअर आहेच ना? साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर मुलाने स्वतः लिहिलंय.

खडूफळा
ती उचलेगिरीची तपासणी झाली. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला सारांशही सारांशच.

मधलीसुट्टी
दुसरा प्रश्न मी सुचवते. यादीतल्या एका स्रोतावर बोट ठेवायचं: "हा काढून टाकला तर तुझ्या निष्कर्षातलं कोणतं वाक्य बदलेल?" दर स्रोताला "काही नाही" असं उत्तर आलं, तर निष्कर्ष स्रोतांतून आलेलाच नाही.

नोंदवही
चांगला प्रश्न, पण स्रोत निवडून विचारा. २०१५ साली सहा देशांचे अभ्यास एकाच अंकात आले: बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को. निष्कर्ष साधारण एका दिशेचे. त्यातला मेक्सिको काढला तर "वाक्य तेच राहील, भरवसा थोडा कमी होईल" हे योग्य उत्तर आहे, त्याचे गुण कापू नका. मोरोक्को काढायला सांगा. तिथली गावं दुर्गम होती, दुसरी सूक्ष्मवित्त संस्था नव्हती. 'हैदराबादेत फरक दिसला नाही कारण बाकीच्या वस्त्यांतही कर्ज मिळतच होतं' या शंकेला मोरोक्कोच उत्तर देतो, कारण तिथेही घरखर्च वाढलेला दिसला नाही. तो काढला की शंका पुन्हा उघडी पडते. हे ज्याला सांगता येतं त्याला प्रत्येक स्रोत यादीत का आहे ते माहीत आहे.

मधलीसुट्टी
आणि आपल्याकडच्या मुलांसाठी एक खास जागा: बचत गट. नाबार्डच्या १९९२ च्या योजनेतल्या गटात बायका आधी बचत करतात, आपसात कर्ज फिरवतात, मग बँक येते. हैदराबादच्या संस्थेत बचत नाही, थेट कर्ज आणि ठरलेला हप्ता. मुलं दोन्हींवरचे अभ्यास 'सूक्ष्मवित्त' या एका मथळ्याखाली टाकतात आणि 'मतभेद आहेत' म्हणतात. विचारायचं, "तुझ्या यादीतले कोणते अभ्यास बचतीचे आणि कोणते नुसत्या कर्जाचे? दोन ढीग केलेस तर मतभेद उरतो का?" तक्ता केलेला असूनही इथे मुलं अडतात, कारण रकाने आडवे भरलेले असतात, उभे वाचलेले नसतात.

गोदाकाठ
मी मराठी साहित्यात पीएच.डी. करतेय, दलित आत्मकथनांवरच्या समीक्षेचा आढावा आहे. आमच्याकडे आकडाच नाही, वर की खाली काय विचारणार? एक समीक्षक आत्मकथनाला सामाजिक दस्तऐवज मानतो, दुसरा साहित्यकृती. दोघंही बरोबर.

नोंदवही
'दोघंही बरोबर' इथेच तुम्हाला अडवायला हवं. दस्तऐवज मानणारा कुठल्या प्रसंगाबद्दल गप्प बसतो आणि साहित्यकृती मानणाऱ्याला त्याच प्रसंगाबद्दल काय म्हणता येतं? एक प्रसंग घेऊन दोघांना त्यावर बोलायला लावा.

सातारकर
प्रश्न चांगले आहेत हे मान्य, तरी पाच मिनिटांत मोजली जाते ती हजरजबाबी. कमी बोलणाऱ्या मुलाला हे उभ्या उभ्या सुचणार नाही. स्रोतांची जोडी आदल्या दिवशी कळवा, प्रश्न मात्र तिथेच विचारा.

मधलीसुट्टी
जोडी कळली की रात्रीतून उत्तर गाईड लिहून देणार. त्यापेक्षा तिथेच दोन मिनिटं कागदावर विचार करू द्या.

सातारकर
तीस मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. तास कुठून आणणार?