अनुभव धागा : परत आलेली ईमेल, आणि तो लाल खुणेचा स्क्रीनशॉट

विश्रामबागची आत्या
काल रात्री साताऱ्याहून भाचीचा स्क्रीनशॉट आला. वर लाल खूण, खाली ठळक अक्षरात `Address not found`, आणि त्याखाली तिचा प्रश्न, "आत्या, आता काय करू?" शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, मुदत सोमवारपर्यंत.

मला एकदम २००८ आठवलं. विश्रामबागच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी पुण्याच्या एका ऑफिसला नोकरीचा अर्ज पाठवला होता. दोन मिनिटांत उत्तर! पाठवणाऱ्याचं नाव `Mail Delivery Subsystem`. मला वाटलं पोचल्याची पावती आली. इंग्रजी लांबलचक होतं, कोण वाचतंय. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला भडंगाची पुडी देऊन घरी आले, आणि तीन आठवडे बोलावण्याची वाट बघत बसले.

नंतर दादाने बघितलं तर त्यात हे होतं :

```
550 5.1.1 User unknown
```

म्हणजे ऑफिसचा सर्व्हर सापडला होता, पण तिथे त्या नावाचं कुणी नव्हतं. जाहिरातीच्या प्रिंटमध्ये पत्ता निळा आणि खाली रेघ मारलेला होता. नावाच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर होता, तो त्या रेघेतच लपला. मी दोन्ही शब्द जोडून टाइप केले. एवढ्याशा आडव्या रेघेपायी नोकरी गेली. (ती कंपनी पुढे बंद पडली, हे वेगळं.)

तुमचे सांगा. कुणाची परत आली, काय लिहून आली, पुढे काय केलंत?

हळदवाला
माझा तर दोनदा बाउन्स झालाय. एकदा पार्टीचा, एकदा माझाच. बँकेने दोन्ही वेळा दंड लावला. कोर्टात जायचं का सांगा.

विश्रामबागची आत्या
भाऊ, चेक नाही हो, ईमेल 😀

हळदवाला
हात्तिच्या. मथळा नीट वाचलाच नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे.

पोवई नाक्यावरून
सोपं आहे. आकडा ५ ने सुरू झाला की पत्ता मेला. ४ ने सुरू झाला की तात्पुरतं, परत पाठवायचं. मी आयटीत नाही, पण मुलाने एवढं शिकवलंय.

वायरमन
पोवई नाका, निम्मं बरोबर. एका कॉलेजचा मेल सर्व्हर अकरा वर्षं सांभाळतोय म्हणून सांगतो.

४ आला तर परत पाठवायचं नाही. पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतो. जीमेलमध्ये `Delivery incomplete` येतं, आणि अजून किती तास प्रयत्न चालू राहील तेही लिहिलेलं असतं. त्यात तुम्ही दहा वेळा पाठवलंत, तर तिकडची अडचण सुटल्यावर अकरा प्रती पोचतात.

५ म्हणजे 'हे पत्र आता मी पुन्हा नेणार नाही'. पत्ता मेलाय असा त्याचा अर्थ नाही. कशामुळे नेणार नाही ते पुढचा आकडा सांगतो. `5.1.1` मधला १ म्हणजे भानगड पत्त्याची. `5.2.2` मधला २ म्हणजे भानगड पेटीची, बहुतेक वेळा भरलेली. तिथे पत्ता शंभर टक्के खरा असतो. समोरच्याने जागा केली की तोच पत्ता उद्या चालू, फक्त पत्र तुम्हाला नव्याने पाठवावं लागतं.

आत्याबाई, भाचीचा स्क्रीनशॉट अर्धा आहे. लाल खुणेखाली बारीक अक्षरात `The response was:` असतं, त्याच्या पुढची ओळ हवी. सगळे नेमकं तेवढंच कापतात.

पोवई नाक्यावरून
अकरा प्रती 🙈 तरीच आमच्या व्याही लोकांना मुंजीची पत्रिका सात वेळा गेली. त्यांना वाटलं आम्ही फारच आग्रह करतोय.

निवृत्त टपालवाला
आमच्याकडे परत जाणाऱ्या पाकिटावर शेरा असायचा. 'दार बंद', 'गाव सोडले', 'घेण्यास नकार'. सही आणि तारखेसकट. माझा एक प्रश्न, परत आली म्हणजे समोरच्याने उघडून बघितली आणि नको म्हणाला असंच ना?

वायरमन
नाही काका. `5.1.1` आणि `5.2.2` मध्ये पत्र माणसापर्यंत गेलेलंच नसतं. त्यांना कळतसुद्धा नाही की कुणी पाठवलं होतं. म्हणून तर फोन करावा लागतो.

निवृत्त टपालवाला
मग आमचंच खातं बरं. मिरजेत असताना एका म्हातारीला मुलाची मनीऑर्डर द्यायला पुराच्या पाण्यातून गेलो होतो. सांगेन कधीतरी सविस्तर.

तासगावचा बेदाणा
माझं ऐका. मागच्या वर्षी एका एजंटाच्या ऑफिसला मालाचे कागद पाठवले. पत्ता त्यांच्या कार्डावरचाच, `info@` ने सुरू होणारा. परत आलेल्या निरोपात मात्र भलत्याच बाईचं नाव! मी त्या नावाला आयुष्यात मेल केलेला नाही. वाटलं खातं हॅक झालं. रात्री दोनपर्यंत बसून सगळे पासवर्ड बदलले. बायको म्हणाली झोपा आता, तर तिच्यावरच डाफरलो.

सकाळी फोन केला तर ऑफिसवाले म्हणतात, "आमचा मेल व्यवस्थित आहे, सगळ्यांचे येतात." मी परत पाठवला. परत आला. तिसऱ्यांदा पाठवला. परत आला. चिडून गाडी काढून गेलो, तर त्यांच्या टेबलावर माझ्या कागदांचे तीन संच छापून ठेवलेले!!

वायरमन
वा, ही खरी गंमत. तो निरोप अजून असेल तर खाली बघा, असं काहीतरी दिसेल :

```
Original-Recipient: rfc822;info@example.com
Final-Recipient: rfc822;oldstaff@example.net
Status: 5.2.2
```

वरची ओळ तुम्ही लिहिलेला पत्ता, खालची ओळ पत्र शेवटी जिथे अडलं तो पत्ता. `info@` हा नुसता फलक असतो, मागे तीन-चार जणांकडे पत्र वाटलं जातं. त्यातली एक बाई नोकरी सोडून गेली असेल, तिची पेटी कुणी उघडत नाही, ती भरली. बाकीच्यांना पत्र मिळालं, फक्त तिच्या वाटचं परत आलं. म्हणजे बाउन्स आला तरी पत्र पोचलेलं असू शकतं. निरोपात अनोळखी पत्ता दिसला की आधी `Final-Recipient` बघायचं. आणि त्या ऑफिसला सांगायचं की यादीतून ते नाव काढा. नाहीतर त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा निरोप जात राहणार.

तासगावचा बेदाणा
अगदी तेच. त्या बाईंचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती 😂 पण हॅकची भीती खोटी का मग?

वायरमन
सगळीच खोटी नाही. तुम्ही पाठवलाच नाही असा मेल 'परत' आला, आणि 'पाठवलेले' मध्येही तो नाही, तर बहुतेक वेळा तुमचा पत्ता वापरून दुसऱ्याच कुणी कचरा पाठवलेला असतो. 'पाठवलेले' मध्ये सापडला तर मात्र पासवर्ड लगेच बदला.

कृष्णाकाठची सून
भात लावलाय, पटकन लिहिते. आमच्या मामंजींना सगळे म्हणत होते तुम्हाला मेल जात नाही. पेटी भरलेली. मी त्यांचे हजारभर मेल पुसले तरी तेच. शेवटी कळलं, १५ जीबीची कोठी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून एकच आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपपण त्यातच. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ ओ! सूर्य, गुलाब, गणपती. शिवाय पुसलेले मेल कचऱ्यात ३० दिवस पडून राहतात, तो रिकामा केल्यावरच जागा सुटते. मोठे मेल शोधायला नणंदेने हे दिलं :

```
has:attachment larger:10M
```

एका शोधात निम्मी जागा झाली. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत, कुठलासा वास्तुशांतीचा व्हिडिओ गेला म्हणून.

नवा कारकून
मलापण परवा "तुमची पेटी भरली आहे, इथे क्लिक करून जागा वाढवा" आलं. मी पासवर्ड टाकला. तो बाउन्सच होता ना?

वायरमन
नाही!! पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला. दुसरीकडे तोच वापरला असेल तर तिथलाही. बाउन्स पाठवणाऱ्याला येतो, ज्याची पेटी भरली त्याला नाही. आणि पासवर्ड तो कधीच मागत नाही.

नवा कारकून
बदलला. हात कापतायत अजून.

विश्रामबागची आत्या
भाचीने पूर्ण निरोप पाठवला. खाली `550 5.1.1` आहे. संस्थेच्या माहितीपत्रकात पत्ता दोन ओळींत तुटलाय, पहिल्या ओळीच्या शेवटी आडवी रेघ. तिने ती रेघ पत्त्यातलीच समजून टाइप केली. माझी गेली लपून, हिची आली उगवून 🤦 आमच्या घराण्याचं आणि रेघेचं काय वैर आहे कळत नाही.

वायरमन
रेघ @ च्या आधी आहे का नंतर?

विश्रामबागची आत्या
आधी.

वायरमन
मग तीच असणार. `5.1.1` आला म्हणजे @ च्या पुढचा भाग सापडलाय. तो चुकला असता तर जीमेलने `Domain name not found` असं काहीतरी म्हटलं असतं. रेघ काढून पाठवायला सांगा. जुना निरोप पुसू नका.

पोवई नाक्यावरून
जीमेलचा पत्ता असेल तर नावात टिंब घालून बघा, कधी कधी लागतं.

वायरमन
जीमेलला टिंब असलं नसलं सारखंच. अंडरस्कोर तर तिथे चालतच नाही. कुणी जीमेलचा पत्ता अंडरस्कोर घालून सांगितला तर ऐकण्यात चूक आहे समजा. बाकी ठिकाणी मात्र टिंबाने फरक पडतो.

निवृत्त टपालवाला
मुदतीच्या आत पाठवलं होतं याचा पुरावा म्हणून हा परत आलेला निरोप चालतो का? आमच्या वेळी रजिस्टरची पावती चालायची.

तासगावचा बेदाणा
चालायला हवा. तारीख वेळ सगळं असतं.

वायरमन
पण चुकीच्या पत्त्यावर पाठवलं हेही त्यातच लिहिलेलं असतं काका. मानायचं की नाही ते संस्थेवर. मी त्यावर अवलंबून राहणार नाही.

विश्रामबागची आत्या
रेघ काढून पाठवलं. अर्धा तास झाला, परत आलं नाही. पोचलं म्हणायचं?

वायरमन
बहुधा. पण काही सर्व्हर आलेलं सगळं घेतात आणि चुकीच्या नावाचं गुपचूप टाकून देतात. परत आलं नाही म्हणजे पोचलंच असं नसतं. सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या फोन करायला सांगा.

कृष्णाकाठची सून
आत्या, ती भडंगाची पुडी मैत्रिणीला का दिली पण?

विश्रामबागची आत्या
तिला दहा मिनिटं उसनी मागितली होती गं, माझा तास संपला होता. त्या दहा मिनिटांतच तर तो पत्ता टाइप केला.