मदत हवी आहे : नदीच्या पाण्याच्या प्रकल्पासाठी कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळा मिळावी म्हणून प्राचार्यांना अर्ज

मलप्रभाकाठ
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात शिकते. प्रकल्पासाठी प्रयोगशाळा कॉलेज सुटल्यावर वापरायला मिळावी, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला होता. तो ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारून परत आला आहे. पुढच्या आठवड्यात काम सुरू व्हायला हवे, म्हणून कृपया लवकर सांगा की यात आणखी काय लिहायचे असते. मजकूर असा होता :

‘महोदय, मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी असून मला नदीच्या पाण्यावर प्रकल्प करायचा आहे. त्यासाठी कॉलेज सुटल्यानंतर रोज दोन तास प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’

निपाणीची आई
तू कितवीत आहेस, बाळ? प्रयोगशाळा कोणती, रसायनशास्त्राची की जीवशास्त्राची? तुझ्याबरोबर कोण थांबणार आहे? माझ्या मुलाने हायस्कूलमध्ये असताना असाच अर्ज केला होता. तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला, तो मुलांना घरी कोण नेणार याचा. आम्ही पालकांनी लेखी संमती दिली आणि त्याचे वडील रोज न्यायला येतील असे कळवले, तेव्हा परवानगी मिळाली. त्याचा प्रकल्प विजेच्या मंडलांचा होता, त्यामुळे रसायनांचा प्रश्न आला नव्हता. तुझ्या अर्जात पालकांचा उल्लेखच दिसत नाही.

घाटमाथा
नदीचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे पाहायचे असेल, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते होणार नाही. जंतूंची तपासणी करावी लागते आणि ती शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी. बाटली निर्जंतुक असावी लागते आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. तिथे नमुना दिलात, तर अर्जाची गरजच उरत नाही.

मलप्रभाकाठ
मी पी.यू. पहिल्या वर्षाला आहे आणि प्रयोगशाळा रसायनशास्त्राची आहे. पाणी पिण्यायोग्य आहे का, हा माझा प्रश्न नाही. मलप्रभेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सकाळी आणि दुपारनंतर किती असतो, गावाच्या वरच्या बाजूला किती आणि घाटाच्या खाली किती, हे मला मोजायचे आहे. विंकलरच्या पद्धतीने टायट्रेशन करणार आहे.

ब्युरेट
मी बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झालो. तू आता जे सांगितलेस, ते अर्जात असते तर शेरा वेगळा पडला असता. प्राचार्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात : हे काम नेहमीच्या तासाला का होत नाही, टेबलावर नेमके काय असणार आहे आणि जबाबदारी कोणाची आहे. यातली पहिली गोष्ट तू अजून इथेही सांगितलेली नाहीस.

कित्तूरची वाट
माझ्या मते सायंकाळी थांबण्याची गरजच नाही. विंकलरच्या पद्धतीत नदीकाठीच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले, की ऑक्सिजन साक्यात बांधला जातो. बाटली अंधारात ठेवून दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या तासाला टायट्रेशन करावे. मी पदवीला असताना आम्ही असेच करत होतो.

ब्युरेट
निम्मे बरोबर आहे. ऑक्सिजन साक्यात बांधला जातो, हे खरे. परंतु तो कितीही काळ तसाच राहतो असे धरून चालत नाही. बाटली अंधारात ठेवून आठ तासांच्या आत टायट्रेशन संपवावे, असा दंडक आहे. आम्ल घातल्यानंतर तर थांबूच नये, कारण मोकळे झालेले आयोडीन उडून जाते आणि आकडा कमी येतो. सकाळी सात वाजता घेतलेला नमुना दुपारच्या सुट्टीत सहज मोजून होतो. परंतु दुपारी चारनंतरचा नमुना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोजला, तर एकोणीस तास होतात. मग सकाळ आणि दुपार यांची जी तुलना करायची आहे, तिच्यात एक बाजू ताजी आणि दुसरी शिळी ठरते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, म्हणून तो दुपारनंतर वाढलेला असतो. रात्री सगळेच जीव तो वापरतात, म्हणून पहाटे तो उतरतो. तोच फरक तुला दाखवायचा आहे ना?

मग, बाळ, रोज दोन तास कशाला मागतेस? सकाळचे नमुने प्रयोगशाळा उघडी असतानाच होतील. तुला फक्त दुपारनंतरच्या नमुन्यांसाठी थांबायचे आहे. विनंती एवढीच केलीस, तर ती मान्य करणे प्राचार्यांना सोपे जाईल.

मलप्रभाकाठ
होय, तोच फरक दाखवायचा आहे. दोन ठिकाणांहून प्रत्येकी दोन बाटल्या घेणार, म्हणजे एका वेळी चार. माझ्याबरोबर मैत्रीण असेल. मंगळवार आणि शुक्रवार असे तीन आठवडे मिळाले तरी पुरेल. कॉलेज चारला सुटते. नमुने घेऊन पावणेपाचला परत आले, तर चार टायट्रेशन आणि काचसामान धुणे मिळून दीड तास लागेल. जांबोटीच्या बाजूला जाणारी बस चुकू नये, म्हणून सव्वासहाला निघायलाच हवे. रसायने किती लागतील, हे अर्जात लिहायचे का?

कित्तूरची वाट
मुळीच लिहू नये. तीव्र सल्फ्युरिक आम्ल हे शब्द वाचले, की प्राचार्य नकारच देतील. ‘नेहमीची रसायने’ असे लिहावे आणि बाकीचे व्याख्यात्यांनी तोंडी सांगावे.

ब्युरेट
मी याच्या अगदी विरुद्ध मताचा आहे. लपवलेली गोष्ट नंतर कळली, की परवानगी रद्द होते आणि पुढच्या मुलांनाही मिळत नाही. आकडा लिहिला, की भीती कमी होते. हिशेब करून पाहू. ३०० मिलीच्या बाटलीत तिन्ही रसायने प्रत्येकी २ मिली जातात. दिवसाला सकाळ आणि दुपार मिळून आठ बाटल्या, सहा दिवसांच्या अठ्ठेचाळीस. म्हणजे सगळ्या प्रकल्पाला तीव्र आम्ल सुमारे १०० मिली लागेल आणि एका सायंकाळी फक्त ८ मिली. हे वाचून कोणताही प्राचार्य घाबरणार नाही. उलट मुलीने विचार केला आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.

थायोसल्फेटचे ०.०२५ नॉर्मल द्रावण एक लिटर पुरे. त्याला ६.२ ग्रॅम स्फटिक लागतात. त्याची ताकद दिवसा, प्रात्यक्षिकाच्या तासाला, पोटॅशियम डायक्रोमेटशी ताडून घे. स्टार्चही त्या दिवशीच दिवसा उकळून ठेव. म्हणजे सायंकाळी बर्नर पेटवावा लागणार नाही, आणि ‘ज्योत वापरली जाणार नाही’ हे वाक्य अर्जात घालता येईल. पुस्तकात आयोडाइडबरोबर सोडियम अझाइडही सांगितलेले असते. ते विषारी आहे आणि विद्यार्थ्यांच्या हाती मी कधीच देत नसे. ते वगळ. पाण्यात नायट्राइट असेल, तर शेवटी निळा रंग गेल्यावर पुन्हा परत येईल. पहिल्यांदा रंग गेला तोच आकडा धर आणि वहीत तशी नोंद कर.

निपाणीची आई
नदीवर मुली रसायने घेऊन जाणार, हे मला पटत नाही. काठावर पाय घसरला तर काय? अर्जात त्याबद्दलही काही असायला हवे.

ब्युरेट
ताई, आपले म्हणणे रास्त आहे. आम्ल नदीवर न्यायचेच नाही, ते प्रयोगशाळेतच घालायचे. काठावर फक्त पहिली दोन रसायने लागतात. त्यातले आयोडाइडचे द्रावण दाहक असते, म्हणून ते व्याख्यात्यांनी लहान बाटलीत भरून द्यावे आणि मुलींनी हातमोजे घालावेत. पाण्यात खोल उतरण्याची गरज नाही. बाटली गुडघाभर पाण्यात बुडवून, बुडबुडा न राहता भरून बूच लावायचे. आत बुडबुडा राहिला, तर आकडा वाढीव येतो. दोन्ही रसायने घातल्यावर तपकिरी साका धरला, तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला, तर जवळजवळ नाही.

घाटमाथा
सहा दिवसांच्या आकड्यांवरून नदीबद्दल काही सिद्ध होईल, असे मला वाटत नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात प्रवाह अगदी वेगळा असतो. निदान वर्षभर मोजले पाहिजे.

मलप्रभाकाठ
नदीबद्दल मोठा निष्कर्ष काढणार नाही. या दिवसांत, या दोन ठिकाणी, एवढेच लिहिणार आहे. आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना विचारले. सायंकाळी थांबायला त्यांनी होकार दिला आहे. नवा मजकूर असा केला आहे :

‘मा. प्राचार्य महोदय यांस,
विषय : मलप्रभा नदीच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या प्रकल्पासाठी रसायनशास्त्र प्रयोगशाळा सायंकाळी वापरण्याबाबत.

महोदय, मी पी.यू. प्रथम वर्ष विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. नदीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन सकाळी व दुपारनंतर किती असतो, याची तुलना मी व माझी सहाध्यायिनी करणार आहोत. नमुना घेतल्यापासून आठ तासांच्या आत तपासावा लागतो. सकाळचे नमुने आम्ही दुपारच्या सुट्टीत तपासू; परंतु चारनंतर घेतलेले नमुने दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाहीत. म्हणून येत्या तीन आठवड्यांत मंगळवार व शुक्रवार या दिवशी ४.४५ ते ६.१५ या वेळेत प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

प्रत्येक सायंकाळी चार नमुने असतील. त्यासाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल एकूण ८ मिली लागेल व ते व्याख्यात्या स्वतः घालतील. ज्योत वापरली जाणार नाही. रसायनशास्त्राच्या व्याख्यात्या पूर्ण वेळ उपस्थित राहतील; त्या नसतील त्या दिवशी काम होणार नाही. उरलेली द्रावणे त्या सांगतील त्याप्रमाणे वेगळी जमा करू, काचसामान धुऊन जागेवर ठेवू व जाताना नोंदवहीत सही करू. दोघींच्या पालकांची संमतीपत्रे व व्याख्यात्यांची शिफारस सोबत जोडली आहे.’

कित्तूरची वाट
अर्ज चांगला झाला आहे, तरीही आम्लाचा आकडा मी काढला असता. आणखी एक, तुमचे प्राचार्य कन्नडभाषक असतील, तर सोबत कन्नड प्रत जोडा. वाचणाऱ्याला सोयीचे होते.

निपाणीची आई
मराठी माध्यमाची मुलगी आहे, तिने मराठीतच लिहावे. परंतु बाईंची शिफारस कन्नडमध्ये असली तर काम लवकर होईल, हेही खरे.

ब्युरेट
आकडा राहू दे. फक्त ‘व्याख्यात्या नसतील त्या दिवशी काम होणार नाही’ हे वाक्य वर, वेळेच्या लगेच खाली आण. प्राचार्य घाईत पहिला परिच्छेदच नीट वाचतात. आणि पहिला नमुना बाईंसमोर करून पाहा : २०० मिली पाणी घेऊन फिकट पिवळा रंग येईपर्यंत थायोसल्फेट सोडायचे, मगच स्टार्च घालायचा. स्टार्च आधी घातला, तर निळा रंग चिकटून बसतो आणि शेवट कळत नाही. ७.४ मिली लागले, तर लिटरला ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन. एका ठिकाणच्या दोन बाटल्यांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, तर भरताना हवा गेली असे समज.

मलप्रभाकाठ
वाक्य वर घेतले आहे. कन्नड प्रतीबद्दल बाईंना उद्या विचारते. ३०० मिलीच्या बुचाच्या बाटल्या आमच्याकडे चारच आहेत. सकाळच्या बाटल्या दुपारी धुऊन पुन्हा वापरल्या तर चालतील का?

ब्युरेट
चालतील. फक्त नदीच्याच पाण्याने दोनदा विसळून मग भर, आणि प्रत्येक बाटलीला तिचे बूच ठरवून ठेव. बुचे अदलाबदल झाली, की बाटलीत मावणारे पाणी बदलते.