बचत गटात एकीचा हप्ता थांबला, मग तुमच्या गटाने काय केलं? (अनुभव सांगा)

सुवर्णा_कुंभारी
काल बँकेत गेले होते. शेजारच्या काउंटरवर एका गटाच्या चार बायका उभ्या होत्या आणि साहेब त्यांना सांगत होते की तुमचं खातं थकीत दिसतंय, पुढचं कर्ज विसरा. एक बाई रडायलाच आली होती. "आम्ही दहा जणी वेळेवर भरतोय की हो," एवढंच म्हणत होती. मला आमचा गट आठवला, म्हणून लिहितेय.

आम्ही अकरा जणी, अक्कलकोट रोडच्या पट्ट्यातल्या. निम्म्या विड्या वळणाऱ्या, बाकीच्या शिलाईवाल्या. महिन्याला 200 बचत. गटाच्या स्वतःच्या पैशातून कर्ज महिना शेकडा 2 रुपयांनी. बँकेकडून 3 लाख मिळाले वर्षाला 7 टक्क्यांनी, 36 महिन्यांसाठी. ते सहा जणींनी पन्नास-पन्नास हजार वाटून घेतले, पाच जणींनी घेतलेच नाहीत. बँकेचे पैसे सदस्यांना महिना शेकडा 1 ने द्यायचे असं ठरलं होतं. म्हणजे प्रत्येकीचा हप्ता 1,660, सहा जणींचे मिळून 9,960, आणि बँकेत जायचे 9,300 च्या आसपास. वरचे 660 गटात राहायचे.

दहा हप्ते सुरळीत गेले. मग एक जण थांबली. नवऱ्याचा माग बंद पडला, तो भिवंडीला गेला आणि तिथून पैसे येईनात. आधी तिने पैसे शेजारणीच्या हातून पाठवले, मग अर्धेच पाठवले, मग बैठकीला यायचीच बंद झाली. आमच्याकडे नियम होता हप्ता चुकला तर 10 रुपये दंड. पण जिचा हप्ताच येत नाही तिला दंड लावून काय उपयोग?

पाच जणींचे 8,300 जमायचे, कमी पडायचे 1,000. आता ते कुठून आणायचे यावर जी बैठक झाली ती मी जन्मात विसरणार नाही. ज्या पाच जणींनी बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं त्या म्हणाल्या, आमची बचत का जाळायची? त्यांचं चूक नव्हतं. पण कागदावर सही अकराही जणींची होती.

पुढचं सांगते, आधी तुमचे अनुभव लिहा. भाकरी टाकायची आहे.

अश्विनी_बार्शी
ताई हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या गल्लीत अस्संच झालं. शनिवारी तो वसुलीवाला यायचा आणि सगळ्यांना एकीच्या दारात बसवून ठेवायचा, पैसे मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. स्वयंपाक नाही काही नाही. पोरं शाळेतून येऊन उपाशी.

माढ्याची_रेखा
अश्विनी, ते मायक्रोफायनान्सचं असणार, आठवड्याचा हप्ता ना? बचत गट वेगळा गं. गटात बैठक आपली, वही आपली, पैसा आपला.

अश्विनी_बार्शी
हो तेच. पण बायका त्याच असतात की ताई दोन्हीकडे.

सुवर्णा_कुंभारी
अश्विनी, अगदी. आमच्या तिचंही नंतर तेच निघालं. तीन ठिकाणचे आठवड्याचे हप्ते चालू होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. तिकडचा माणूस दारात येऊन बसायचा, आमचं कुणी बसायचं नाही, म्हणून आधी त्यांचं भरायची.

पद्मा_साखरपेठ
आमच्याकडे नियम आहे. तीन बैठका चुकल्या की घरी जायचं, पैसे मागायला नाही, नुसतं विचारायला. पैसे थांबायच्या आधी बाई बैठकीला यायची थांबते, हे मी दहा वेळा बघितलंय. त्या वेळी गेलं तर काहीतरी हाती लागतं. सहा महिन्यांनी गेलं तर ती दारच उघडत नाही.

दीपक_मोहोळ
माझी बायको गटाची सचिव आहे म्हणून लिहितो. एक हजार जरी कमी भरले तरी त्याच महिन्यात खातं एनपीए, म्हणजे बुडीत, होतं. मग बँक गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावते आणि सगळ्यांची बचत अडकते. तेव्हा कुणीतरी खिशातून घालणं हाच उपाय.

निवृत्त_शाखाधिकारी
दीपकराव, अर्धं बरोबर आहे. थकबाकी 90 दिवसांपेक्षा जास्त राहिली तर एनपीए. आणि तुम्ही 9,300 च्या जागी 8,300 भरता तेव्हा पुढच्या महिन्याच्या पैशातून आधी मागचे हजार वजा होतात. त्यामुळे जुनी बाकी सारखी पुढे सरकते. महिन्याला हजारच कमी पडत असेल तर एका अख्ख्या हप्त्याएवढी तूट साठायला नऊ-दहा महिने लागतात, एनपीए त्यानंतरची गोष्ट. पण खातं दर महिन्याला थकीत दिसत राहतं आणि नियमित खात्याला मिळणारी व्याजाची सवलत जाते. एकदा एनपीए झालं की मात्र सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही, थोडंसं भरून चालत नाही.

होल्डबद्दल: 10 लाखांपर्यंतच्या गट कर्जाला तारण नको, मार्जिन नको आणि बचत खात्यावर लियन नको, असं रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. होल्ड लावला असेल तर लेखी कारण मागा. तोंडी बोलून निघून येऊ नका.

दीपक_मोहोळ
सर, लिहिलंय खरं, पण आमच्या शाखेत लावला होता. लेखी मागितलं तर पुढच्या कर्जाला त्रास देतील म्हणून बायका गप्प बसल्या.

निवृत्त_शाखाधिकारी
हे होतं, नाही म्हणत नाही.

माढ्याची_रेखा
सुवर्णाताई, भाकरी झाली का? 🙂 पुढचं सांगा.

सुवर्णा_कुंभारी
झाली. सांगते.

कागदावर आमच्या गटाची बचतच लाखाच्या वर होती. चार वर्षं झाली होती ना. पण ती सगळी अंतर्गत कर्जात वाटलेली. बँकेत शिल्लक फक्त बाराएक हजार. हे त्या बैठकीत पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं. गट श्रीमंत आहे असं वाटायचं, पण हातात काही नाही.

शेवटी गटांना मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या सीआरपी ताईंनी मार्ग काढला. कमी पडणारे पैसे गटाच्या शिलकीतून भरायचे, पण कुणाच्या बचतीतून कापून नाही. ते तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून वहीत चढवायचे, 2 नाही तर 1 टक्क्याने. म्हणजे ज्या पाच जणींनी बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं त्यांच्या पैशाला व्याज मिळणार, आणि उद्या ती भरेल तेव्हा पैसे गटातच येणार. तिची स्वतःची बचत 9,600 होती, तिला हात लावला नाही. ती गट सोडून गेली तरच वळती करायची असं ठरावात लिहिलं.

सात महिने असं भरलं. तेवढ्या काळात नवीन अंतर्गत कर्ज बंद ठेवावं लागलं. एकीला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी नाही म्हणावं लागलं. ती आजही त्यावरून बोलते, आणि मला तिचं पटतं.

पद्मा_साखरपेठ
फी किती होती हो?

सुवर्णा_कुंभारी
चार हजार. शिल्लक दिली असती तर पुढचा बँकेचा हप्ता गेला असता. तिने भावाकडून आणले.

लेखा_ताई_उमेद
मी गटांच्या वह्या तपासते म्हणून विचारते. तिच्या नावावर दर महिन्याला 1,000 चढवले की 1,660? गटाच्या खिशातून हजार गेले असले तरी तिचा चुकलेला हप्ता 1,660 चा आहे. हजारच चढवले तर गटाचे 660 महिन्याला बुडाले, सात महिन्यांत 4,620. पुढे ऑडिटला हा फरक सापडत नाही आणि मग अध्यक्ष-सचिवावर संशय येतो. अशीच भांडणं मी सोडवलीत.

सुवर्णा_कुंभारी
1,660 च चढवले. सात महिन्यांचे 11,620.

माढ्याची_रेखा
पण लेखाताई, त्या 1,660 मध्ये आधीच व्याज आहे. त्यावर परत 1 टक्का म्हणजे व्याजावर व्याज झालं ना? अडचणीतल्या बाईला? आमच्या गटाने असं केलं नाही. आम्ही मुद्दल तेवढंच नवीन कर्ज धरलं, व्याज वेगळ्या रकान्यात नुसतं येणे म्हणून ठेवलं.

लेखा_ताई_उमेद
तसंही चालतं, ठराव केला असेल तर. पण मग बाकीच्यांना पैसे अडकल्याचं काय मिळतं? दोन्ही बाजू आहेत.

पद्मा_साखरपेठ
मला रेखाचं पटतं.

दीपक_मोहोळ
मला नाही पटत. नियम सगळ्यांना एक.

कडक_भाकरीवाली
विषय सोडून विचारते, माफ करा. साखरपेठेतल्या पद्माताई, तुमचा गट शेंगा चटणी करतो ना? गड्ड्याच्या जत्रेला स्टॉल घेणार का? आम्ही कडक भाकरी घेऊन येतोय, एकत्र लावू.

पद्मा_साखरपेठ
घेणार की! मेसेज करते. तुमची भाकरी महिनाभर टिकते का, की मऊ पडते?

कडक_भाकरीवाली
नीट वाळवून डब्यात ठेवली तर पडत नाही.

अश्विनी_बार्शी
ताई पण ती बाई परत आली का? आणि एकीमुळे सगळ्यांना पुढचं कर्ज मिळत नाही म्हणतात ते खरं का?

सुवर्णा_कुंभारी
आली. पद्मा म्हणते तसंच, आम्ही दोघी घरी गेलो आणि पैशाचं नाव काढलं नाही. तिला वाटत होतं आपल्याला काढून टाकलंय. आमच्या एकीने शाळेच्या गणवेशाच्या शिलाईचं काम तिला मिळवून दिलं आणि आठव्या महिन्यापासून पूर्ण 1,660 सुरू झाले. बँकेचं कर्ज वेळेत फिटलं. मागचे 11,620 आता महिन्याला 500 ने फेडते, निम्म्याहून जास्त झाले.

पुढच्या कर्जाच्या वेळी प्रत्येकीचं आधार, पॅन घेऊन नोंदी तपासल्या. तिच्या मायक्रोफायनान्सच्या दोन थकबाक्या निघाल्या. साहेब म्हणाले हिला काढा, मग बघू.

निवृत्त_शाखाधिकारी
काढायची गरज नाही. काही सदस्यांची वैयक्तिक थकबाकी असली तरी गट स्वतः थकीत नसेल तर गटाला कर्ज अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. अट इतकीच की सदस्य त्याच बँकेची थकबाकीदार असेल तर ते नवीन कर्ज तिला वाटायचं नाही. मुद्दाम बुडवणारी आणि अडचणीत आलेली यातही फरक करतात. ठरावात "सदर कर्जातून अमुक सदस्यास वाटप होणार नाही" हे वाक्य घाला.

सुवर्णा_कुंभारी
तेच वाक्य घातलं सर, सीआरपी ताईंनी सांगितलं म्हणून. दोन फेऱ्या झाल्या पण मिळालं. तिला गटाच्या शिलकीतून 5,000 दिले, मशीनच्या मोटारीला. त्यावरही दोघींचा विरोध होता.

अश्विनी_बार्शी
आमच्याकडे तर साहेबांनी नाव काढायलाच लावलं. ती बाई गेली, बचत वळती करूनही सात हजार राहिले, ते कुणी भरायचे यावर अजून बैठक होत नाही. उमेद अभियानाच्या तालुका कार्यालयात विचारलं तर म्हणतात गटाचा अंतर्गत प्रश्न.

लेखा_ताई_उमेद
अश्विनी, तिच्या सहीचा ठराव आहे का, की आधीच काढून टाकलं? ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या, तिथे दुसऱ्या गटाच्या बायका असतात, ऐकून घेतात. वहीचं शेवटचं पान पाठव, बघते.

अश्विनी_बार्शी
वही सचिवाकडे आहे, ती शेतात गेलीय. रात्री फोटो टाकते.