मदत हवी आहे: सपोर्ट तिकिटांचं एस्कलेशन मॅट्रिक्स. रिपोर्ट हिरवागार, संस्थेत मात्र बोंबाबोंब

राजारामपुरी_८वी_गल्ली

नमस्कार मंडळी. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. काट्यावरचं वजन आणि मशीनवरचं फॅट-एसएनएफ आपोआप संगणकात येतं, उत्पादकाला स्लिप मिळते, दर दहा दिवसांनी बिल निघतं. करवीर, पन्हाळा, कागल धरून शंभरावर संस्था आहेत आणि सपोर्टला आम्ही चौघं. मालक पाचवे.

गेल्या वर्षी नेटवरून एक मॅट्रिक्स उचललं. पी-१ ला ३० मिनिटांत प्रतिसाद, पी-२ ला २ तास, पी-३ ला ८ तास, पी-४ ला २ दिवस. वेळ संपली की माझ्याकडे मेल, मी काही केलं नाही तर मालकांकडे मेल. महिन्याचा रिपोर्ट ९५ टक्क्यांच्या वर असतो, मालक खूश.

गेल्या मंगळवारी पन्हाळ्याकडच्या एका संस्थेचं तिकीट पहाटे ५:४२ ला आलं. मशीनवरचं फॅट संगणकावर येत नव्हतं. आमचं ऑफिस साडेनऊला उघडतं, आमच्या पोराने ९:५० ला तिकीट उचललं. सिस्टीमने लिहिलं: प्रतिसाद २० मिनिटांत, वेळ पाळली. तोवर संकलन संपून दुधाची गाडीही निघून गेली होती. सचिवांनी सत्तर-ऐंशी जणांचं फॅट वहीत उतरवलं, दुपारी ते भरताना दोन नंबर एकमेकांत गेले आणि संध्याकाळी उत्पादकांची भांडणं लागली. आमच्या रिपोर्टात हे तिकीट हिरवं आहे.

मला नवीन मॅट्रिक्स बनवायचंय. वेळा किती ठेवू? ३० चे १५ केले तर भागेल का?

भावा_विषय_हार्ड

भावा, सोपं हाय. पी-१ ला १५ मिनिटं कर आणि मेल बंद कर, मेल पहाटे कोण बघतंय? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढ, चौघं अधिक मालक. तिकीट पडलं की ग्रुपवर मेसेज, ज्याला दिसेल तो उचलेल. आणि पी-१ की पी-२ हे गिऱ्हाइकालाच निवडू दे. अडचण त्याची, त्यालाच ठाऊक.

कागलचा_नाईट_शिफ्टवाला

मी पुण्यात बारा वर्षं सपोर्टमध्ये काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. विषय_हार्ड, मेल बंद कर हे तुझं अगदी बरोबर. बाकी दोन्ही सल्ले महागात पडतील. ग्रुपवर पाच जणांना मेसेज दिसला की पाचही जणांना वाटतं दुसऱ्याने उचललं असेल. एका वेळी फोन एकाच माणसाचा वाजला पाहिजे. आणि गिऱ्हाइकाला निवडायला दिलंत तर पहिल्या महिन्यात निम्मी तिकिटं पी-१ होतात, स्लिपवरचं संस्थेचं नाव नीट छापत नाही हेसुद्धा.

राजारामपुरी, तुमचा ३० चा आकडा चुकलेला नाही, तुमचं घड्याळ चुकलंय. तिकिटाचं घड्याळ कामाच्या वेळेला बांधलंय, म्हणून ५:४२ चं तिकीट सिस्टीमच्या दृष्टीने साडेनऊला जन्मलं. १५ केले असते तर त्या दिवशी रिपोर्ट लाल झाला असता एवढंच. दूध तरीही गेलंच असतं.

आकडा उलटीकडून काढा. दुधाची गाडी किती वाजता येते, संकलन किती वेळ चालतं आणि असला बिघाड फोनवरून दुरुस्त करायला साधारण किती वेळ लागतो, हे सांगा.

राजारामपुरी_८वी_गल्ली

संकलन साधारण साडेपाच ते साडेसात. गाडी पावणेआठच्या आसपास, गावागणिक मागेपुढे. फोनवर बसून दुरुस्ती वीस ते तीस मिनिटं. संध्याकाळी पुन्हा साडेपाच ते साडेसात.

कागलचा_नाईट_शिफ्टवाला

म्हणजे तुमच्याकडे एकूण दोन तास. त्यातला अर्धा तास दुरुस्तीला. पहिला माणूस झोपेत असेल, दुसरा मोटारसायकलवर असेल, हे धरून चालायचं. मी असं बांधलं असतं:

संकलन चालू आहे आणि वहीशिवाय मार्ग नाही, तर ती पहिली पातळी. तिकीट पडताक्षणी पाळीवरच्या माणसाचा फोन वाजतो. ५ मिनिटांत त्याने 'मी घेतलं' असं दाबलं नाही तर दुसऱ्याचा फोन. १० मिनिटांनी तुमचा. २० मिनिटांनी मालकांचा. आपोआप जाणारा 'आपली तक्रार मिळाली' हा मेसेज प्रतिसाद म्हणून मोजायचा नाही, माणसाने घेतलं तरच घड्याळ थांबतं. तुमच्या सध्याच्या पद्धतीत वेळ संपल्यावर वरच्याला कळतं. तेव्हा त्याच्या हातात दिलगिरी व्यक्त करण्यापलीकडे काही उरत नाही. वरच्याकडे जायचं ते वेळ शिल्लक असताना.

ही झाली कुणी उचलत नाही तेव्हाची शिडी. उचललंय पण सुटत नाही, त्याची शिडी निराळी असते, आणि बरेच जण दोन्हींची खिचडी करतात. पोराने उचललं, २५ मिनिटं झगडला, तर आता मालकांना उठवून काय उपयोग? त्यांना मशीनची जोडणी कळत नाही. इथे तिकीट जायला हवं ज्याने तो कोड लिहिलाय त्याच्याकडे. आणि त्याच क्षणी सचिवांना स्पष्ट सांगायचं की आता वही काढा, आम्ही मागून भरून देतो. वहीवर जायचा निर्णय उशिरा झाला की रांगेतले निम्मे जण खोळंबतात.

भोगावती_काठ

मी एका संस्थेचा सचिव. तुमचं पी-१ पी-२ आम्हाला कळत नाही, आम्ही सगळ्यावर 'अर्जंट' लिहितो कारण तसं लिहिल्याशिवाय फोन येत नाही. तुम्ही आम्हाला एवढंच विचारा: माणसं किटल्या घेऊन उभी आहेत का? हो किंवा नाही. त्यात खोटं कोण बोलणार?

जाता जाता विचारतो, आमच्याकडे महिनाभर म्हशीचं फॅट कमी लागतंय, ते सॉफ्टवेअरमुळे असू शकतं का?

राजारामपुरी_८वी_गल्ली

सचिवसाहेब, 'माणसं उभी आहेत का' हा प्रश्न मी जसाच्या तसा फॉर्मवर घालतोय. फॅटचं म्हणाल तर सॉफ्टवेअर मशीनचा आकडा फक्त उचलतं. आधी मशीनचं कॅलिब्रेशन तपासून घ्या.

काट्यावरचा_गडी

आमच्याकडं कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे. हंगामात यार्डात ट्रॅक्टरची रांग असते, काटा रात्री दोनला बंद पडला तरी पी-१ आणि दुपारी दोनला पडला तरी पी-१. म्हणून आम्ही चोवीस तास तीन पाळ्या लावल्या. तुम्हीपण सरळ चोवीस तास करा, वेळेचा घोळच नको.

कागलचा_नाईट_शिफ्टवाला

गडी, तुमचं गाळप चोवीस तास चालतं म्हणून ते तुम्हाला लागू. तोच काटा मे महिन्यात बंद पडला तर तुम्ही स्वतःच आठवडाभर बघणार नाही. दूध संस्थेचा हंगाम रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो. चौघांत चोवीस तास लावलेत तर दोन महिन्यांत दोघं नोकरी सोडतील.

राजारामपुरी, तुम्हाला पाळी फक्त पहाटे ५ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ८ हवी. दुपारी १२ ला तोच फॅटचा बिघाड आला तर ती दुसरी पातळी, पण तिला 'चार तास' असा आकडा देऊ नका. 'आज संध्याकाळी पाचच्या आत' असं द्या. साडेतीनपर्यंत सुटलं नाही तर तिकीट आपोआप पहिल्या पातळीवर चढवा. म्हणजे संध्याकाळची रांग लागायच्या आत दीड तास हातात राहतो. बिलाचंही तसंच. तारीख ४ ला बिल निघत नाही हे साधं तिकीट, १० ला निघत नाही हे नाही.

आणखी एक. तुमच्याकडे `Pending` करून घड्याळ थांबवता येतं का?

राजारामपुरी_८वी_गल्ली

येतं. गिऱ्हाइकाकडून माहिती हवी असेल तर थांबवतो.

कागलचा_नाईट_शिफ्टवाला

मग गेल्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि वेळ संपायच्या आधी शेवटच्या पाच-दहा मिनिटांत किती `Pending` झाली ते बघा. पोरांवर चिडू नका, टक्केवारी मागितली की माणूस टक्केवारीच देतो. पहिल्या पातळीला ते बटणच काढून टाका. बाकीच्यांना ठेवा, पण काय विचारलं ते लिहिल्याशिवाय दाबता येऊ नये.

राजारामपुरी_८वी_गल्ली (नऊ दिवसांनी)

अपडेट देतो. आधी `Pending` चं: तीन महिन्यांत अशी ३१ तिकिटं सापडली, त्यातली सहा माझ्याच हातची. बाकी बोलत नाही.

नवी शिडी सोमवारपासून लावली. आज पहाटे ६:०४ ला करवीरातल्या एका संस्थेचं तिकीट, 'माणसं उभी आहेत: हो'. पाळीवरच्याचा फोन वाजत राहिला, ६:०९ ला दुसऱ्याकडे गेला, ६:११ ला त्याने घेतला. बिघाड तोच, फॅट येत नाही. आदल्या संध्याकाळी झाडलोट करताना कुणीतरी मशीनची यूएसबी वायर काढून शेजारच्या खाचेत घातली होती. विंडोजने तिला `COM3` ऐवजी `COM5` दिला आणि आमचं सॉफ्टवेअर `COM3` वरच कान लावून बसलेलं. ६:३१ ला चालू झालं. तोवर अकरा जणांचं वहीत घेतलं होतं, ते फोनवरच भरून घेतलं. मंगळवारचा बिघाडही हाच असावा असा आता दाट संशय आहे.

एक फजिती झाली. दुसऱ्याने फोन घेतला पण गडबडीत 'मी घेतलं' दाबायचं विसरला. त्यामुळे ६:१४ ला मी उठलो आणि ६:२४ ला मालक. मालकांनी थेट सचिवांना फोन लावला, तेव्हा ते आमच्या पोराशीच बोलत होते.

दोन गोष्टी अडल्यात. मशीन पुरवणारा उद्यापर्यंत येतो असं म्हणतो, त्याच्याशी आमचा लेखी करार नाही, मग मशीनच बिघडलं तर संस्थेला मी कुठली वेळ लिहून देऊ? आणि पहाटेच्या पाळीचे पैसे. मालक म्हणतात फोन वाजला तरच देऊ, पोरं म्हणतात उशाशी फोन ठेवून झोपायचेही द्या.

भावा_विषय_हार्ड

पोरांचं बरोबर हाय. फोन उशाशी असला की झोप लागत नाय.

कागलचा_नाईट_शिफ्टवाला

पैशाबद्दल मीही पोरांच्या बाजूने. पाळीचे ठरावीक द्या, फोन वाजला तर वर थोडे. मशीनवाल्याची वेळ लेखी येईपर्यंत संस्थेला दुरुस्तीची वेळ लिहून देऊ नका. 'पंधरा मिनिटांत तुम्हाला कळेल की बिघाड मशीनचा आहे, वही काढा' एवढंच लिहा, ते तुमच्या हातात आहे. आणि 'मी घेतलं' हे वेगळं बटण ठेवूच नका. फोन उचलून १ दाबला की झालं, असं जमतंय का ते बघा.

भोगावती_काठ

वायर कुठल्या खाचेत घालायची तिथं रंगाची टिकली लावून द्या राव. आमच्याकडं झाडणाऱ्या मावशी रोज काढतात.