करवाढ नाही, मग ‘ब्रॅकेट क्रीप’ला म्हणायचं काय?

मृणालिनी: एका पतसंस्थेच्या त्रैमासिकासाठी आयकरावरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात ‘ब्रॅकेट क्रीप’ वारंवार येतं. पगार महागाईइतकाच वाढतो, कराचे स्लॅब जिथल्या तिथे राहतात, आणि माणूस वरच्या स्लॅबमध्ये जाऊन जास्त कर भरतो. मी ‘स्लॅबसरक’ लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून ‘करवाढ’ केलं. पण दर तर वाढलेलेच नाहीत! वाचक अर्थसंकल्पात नवे दर शोधत बसतील. शिवाय महागाईनुसार स्लॅब सरकवण्याला ‘इंडेक्सिंग’ म्हणतात, त्याचं त्यांनी ‘सूचीकरण’ केलंय. सूची पुस्तकाच्या शेवटी असते. दोन्हींसाठी काय वापरावं?

अण्णा: ‘स्लॅब’ मुळात हवाच कशाला? ‘करश्रेणी’ आहे की. त्यावरून ‘करश्रेणी-आरोहण’ करा. शब्द घडवायची सवय सोडली म्हणूनच आपल्यावर ही वेळ आली आहे.

रवी (चिपळूण): अण्णा, आमच्याकडे विजेच्या बिलालाही स्लॅबच म्हणतात, अगदी आजीसुद्धा. ‘श्रेणी’ म्हटलं की शाळेचं प्रगतिपुस्तक आठवतं. आणि ‘आरोहण’मध्ये माणूस स्वतःहून चढतो, इथे त्याला ढकललं जातं. आमच्या ऑफिसात एकाने याच भीतीने वेतनवाढ नको म्हटलं होतं. तीस टक्क्यांत गेलो तर सगळ्या पगारावर तीस टक्के लागतील, मग वाढीचा उपयोग काय?

खतावणी: सगळ्या पगारावर लागत नाहीत. जुन्या करपद्धतीत दहा लाखांच्या वरच्या रकमेवरच तीस टक्के लागतात, खालच्या रकमेला खालचेच दर. मात्र तुमच्या सहकाऱ्याची भीती अधिभाराच्या बाबतीत रास्त ठरली असती. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की दहा टक्के अधिभार पूर्ण करावर बसतो, म्हणून तिथे सीमेलगतच्या माणसाला वेगळी सवलत द्यावी लागते. ती ५० लाखांची रेघ २०१७ पासून हललेली नाही.

मृणालिनीताई, तुमच्या लेखातली व्याख्याच मला अपुरी वाटते, म्हणून एक हिशेब मांडतो. जुनी करपद्धती, उपकर बाजूला ठेवू. करपात्र उत्पन्न ९,५०,०००. अडीच ते पाच लाखांवर पाच टक्के, म्हणजे १२,५००. पाचच्या वरच्या साडेचार लाखांवर वीस टक्के, म्हणजे ९०,०००. एकूण कर १,०२,५००. आता महागाई सहा टक्के आणि पगारवाढही सहाच टक्के. उत्पन्न १०,०७,००० झालं, कर १,१४,६००. स्लॅबही सहा टक्क्यांनी सरकवले असते, म्हणजे अडीचचे २.६५, पाचचे ५.३० आणि दहाचे १०.६० लाख, तर कर १,०८,६५० आला असता, म्हणजे पूर्वीपेक्षा बरोबर सहा टक्के जास्त. हातचे ५,९५० रुपये गेले.

त्यातला तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पाऊल पडल्याचा वाटा फक्त ७०० रुपये. उरलेले ५,२५० खालच्या रेघा हलल्या नाहीत म्हणून गेले. स्लॅब न ओलांडणाऱ्यालाही हा फटका बसतो. त्यामुळे ‘वरच्या स्लॅबमध्ये ढकलणं’ एवढाच अर्थ शब्दात आला, तर मोठा भाग बाहेर राहतो.

शैलजा: हे वाचून आमचा महागाई भत्ता डोळ्यांसमोर आला. तो ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. पण तो पूर्ण करपात्र आहे. भाव वाढले म्हणून सरकार भरपाई देतं आणि त्या भरपाईवर वरच्या दराने कर कापतं. भत्ता निर्देशांकाला बांधलेला, स्लॅब कशालाच नाही. मला तर संपादकांचं ‘करवाढ’ पटलं. मागे ‘छुपी’ लावा.

मृणालिनी: ‘छुपी करवाढ’ म्हटलं तर पेट्रोलवरचा सेसही त्यात बसेल. मला महागाईचा धागा शब्दातच हवा आहे.

सांगलीकर: मग ‘करफुगवटा’ घ्या. महागाईला आपल्याकडे ‘चलनफुगवटा’ म्हणतच होते, ‘चलनवाढ’ने तो मागे टाकला. आणि फुगवटा म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. दर पावसाळ्यात अलमट्टीच्या फुगवट्यावरून इथे वाद होतो. पाणी चढतं, घाटाची पायरी तिथेच राहते. उत्पन्नाचा आकडा चढतो, स्लॅबची रेघ तिथेच.

खतावणी: हा चांगला आहे. यात स्लॅब ओलांडण्याची अटच नाही.

अण्णा: ‘कर’ तत्सम, ‘फुगवटा’ देशी. हा धेडगुजरी समास झाला. आणि अर्थही उलटा लागतो. फुगलं ते उत्पन्न, कर नव्हे.

सांगलीकर: उत्पन्न सहा टक्के वाढलं आणि कर जवळजवळ बारा टक्के. मग फुगलं ते काय? समासाचं म्हणाल तर ‘करचुकवेगिरी’ रोज छापून येते, तिच्यावर कुणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

मिलिंद (टोरांटो): इंडेक्सिंगबद्दल सांगतो. इथे केंद्रीय आयकराच्या रेघा दर जानेवारीत आपोआप सरकतात, त्यासाठी संसदेत वेगळं काही मांडावं लागत नाही. २०२३ साली त्या ६.३ टक्क्यांनी सरकल्या. १९७४ पासून ही पद्धत आहे. पण १९८६ ते १९९९ या काळात महागाई तीन टक्क्यांच्या जितकी वर जाईल तेवढ्यापुरत्याच रेघा हलत. नव्वदच्या दशकात महागाई बहुतेक वर्षं तीनच्या खालीच होती, त्यामुळे कायद्यात जोडणी असूनही रेघा जागच्या जागी राहिल्या. २००० पासून ती पूर्ण झाली. म्हणून मी ‘निर्देशांक-जोडणी’ म्हणेन. जोडणी पूर्ण की अर्धवट, हे पुढे विचारता येतं.

रवी (चिपळूण): पण आपल्याकडेही सरकार स्लॅब वाढवतंच ना? २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत तीस टक्के थेट २४ लाखांवर नेले. म्हणजे भारतात हा प्रश्न उरलेलाच नाही.

खतावणी: त्या वर्षापुरता दिलासा मिळाला, हे खरं. पण आपोआप सरकण्याची सोय नाही. पुढचा बदल कधी हे कुणाला माहीत नाही, आणि तोवरचा जादा कर जमा होतच राहतो. जुन्या पद्धतीतली दहा लाखांची रेघ २०१२-१३ पासून तीच आहे. भांडवली नफ्यासाठी सरकार स्वतःच जो महागाई निर्देशांक जाहीर करतं, तो त्या वर्षी २०० होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. त्या मापाने रेघ १८.८ लाखांवर हवी. आणि तो निर्देशांकही ग्राहक किमतींतली वाढ पाऊणच धरतो.

अरविंद: इंडेक्सिंग तर २०२४ मध्ये काढून टाकलं ना? मी डोंबिवलीतला २००९ सालचा फ्लॅट विकतोय. मग फायदा मिळणार की नाही?

शैलजा: अरविंदराव, इथे पगाराच्या स्लॅबचं चाललंय.

खतावणी: शब्द तोच, जागा वेगळी. तिथे स्लॅब नव्हे, तुमची खरेदी किंमत महागाईनुसार वाढवतात. २३ जुलै २०२४ पासून ते काढलं, पण त्याआधी घेतलेल्या जमिनी आणि घरांसाठी निवासी व्यक्तींना तुलनेची मुभा आहे. निर्देशांक लावून वीस टक्के, किंवा न लावता साडेबारा टक्के. दोन्ही हिशेब करा, कमी येईल तो कर.

अण्णा: पाहा, एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की असा घोळ होतो. ‘निर्देशांकन’ भांडवली नफ्याला राहू द्या, स्लॅबसाठी ‘जोडणी’ घ्या. ‘फुगवटा’ मात्र मला मान्य नाही.

मृणालिनी: ‘निर्देशांक-जोडणी’ घेते. ‘करफुगवटा’ संपादकांपुढे ठेवते, सोबत ९,५०,००० चं उदाहरण जोडते.

अरविंद: घेताना भरलेली स्टॅम्प ड्युटी धरायची का? आणि २०१६ मध्ये एक खोली वाढवली, तिचं काय?

खतावणी: स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी खरेदीच्या किमतीतच धरा. वाढवलेल्या खोलीच्या खर्चाला मात्र २००९ चा नव्हे, खर्च केला त्या वर्षाचा निर्देशांक लागेल. त्याच्या पावत्या आहेत का?