खात्यांमधल्या व्यवहारांचा ग्राफ: मॅट्रिक्स ठेवू की लिस्ट?

ओंकार_९
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या पतसंस्थेच्या व्यवहारांवर सी++ मध्ये एक प्रोग्रॅम लिहितोय. खाती 20,000 आहेत. ज्या दोन खात्यांत कधी ना कधी पैसे गेले-आले अशा वेगवेगळ्या जोड्या 60,000 भरल्या. कोणी कोणाला दिले ते नकोय, व्यवहार झालाय की नाही एवढंच हवं. रोज रात्री साधारण 50 लाख जोड्या तपासायच्या असतात. मी 20,000 गुणिले 20,000 ची `int` मॅट्रिक्स केली तर मशीनच अडकलं, कारण तिथे रॅम 2 जीबी आणि त्यातली निम्मी आधीच वापरात. मित्र म्हणतो लिस्ट घे, म्हणजे प्रत्येक खात्यापुढे फक्त त्याच्या शेजारी खात्यांची यादी. पण लिस्टमध्ये जोडी शोधत बसावं लागेल, त्यात वेळ जाईल ना?

सह्याद्री_कोडर
लिस्टच घे, दुसरा विचार करू नकोस. तुझ्या मॅट्रिक्समध्ये 40 कोटी खाने आहेत आणि प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे 1.6 जीबी. त्यातले भरलेले खाने किती? प्रत्येक जोडी दोन्हीकडून धरली तरी 1,20,000. बाकी सगळे शून्यच. लिस्टमध्ये तेवढेच 1,20,000 आकडे ठेवायचे, पाच लाख बाइटसुद्धा होत नाहीत. मॅट्रिक्स नेहमीच जास्त जागा खाते.

मृण्मयी_ल
आकडे बरोबर आहेत, पण "नेहमीच" हा शब्द मागे घ्या. ओंकारला हो किंवा नाही एवढंच साठवायचंय, त्याला चार बाइट कशाला? एक बिट पुरतो. 40 कोटी बिट म्हणजे 5 कोटी बाइट, साधारण 50 एमबी. त्याच्या मशीनवर हे आरामात बसतं. `vector<bitset<20000>>` लिहिलं की काम झालं, आणि कुठलीही जोडी एका झटक्यात कळते.

दुसरं असं की लिस्टमधला प्रत्येक शेजारी 32 बिट घेतो आणि मॅट्रिक्समधला खाना एक बिट. त्यामुळे सरासरी शेजारी 20,000 भागिले 32, म्हणजे 625 च्या वर गेले, की लिस्टच जास्त जागा खायला लागते. 625 म्हणजे एकूण खात्यांच्या तीन टक्केच! इतक्या विरळ ग्राफला आपण सगळेच डोळे झाकून "लिस्ट" म्हणतो, आणि तिथेच बिटांची मॅट्रिक्स जिंकते.

सह्याद्री_कोडर
बिटांचं मान्य, ते माझ्या लक्षात नव्हतं. पण ओंकारच्या ग्राफमध्ये सरासरी शेजारी सहा आहेत, 625 नाहीत. त्याच्यापुरतं माझं म्हणणं खरंच आहे.

चाकणकर
मी कारखान्यात वेळापत्रकाचं काम बघतो. आमच्याकडे 300 ठिकाणं आहेत आणि निम्म्याहून जास्त ठिकाणांमध्ये थेट ट्रॉली जाते. मी मॅट्रिक्स घेतली, फ्लॉइड-वॉर्शल चालवलं, सगळ्या जोड्यांमधली कमीत कमी अंतरं क्षणात मिळाली. तुम्हालाही खात्यांमधला जवळचा मार्ग काढायचा असेल तर मॅट्रिक्सच घ्या. लिस्टच्या भानगडीत पडू नका.

गणकयंत्र
चाकणकर, तुमच्या कामाला तुमची निवड अगदी योग्य होती. 300 चा घन म्हणजे 2.7 कोटी पायऱ्या, शिवाय मॅट्रिक्स निम्मी भरलेली. पण ओंकारने मार्ग विचारलेला नाही, फक्त दोन खाती थेट जोडलेली आहेत का एवढंच विचारलंय. आणि 20,000 चा घन म्हणजे 8 लाख कोटी. ती वाट त्याला परवडायची नाही.

मृण्मयी, 625 चा हिशेब पटला. "एका झटक्यात" याबद्दल मात्र मला थोडं बोलायचंय. झटका एकच असला तरी तो कुठे बसतो ते पाहावं लागतं. 50 एमबीची मॅट्रिक्स बहुतेक साध्या मशीनच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीत, मावत नाही. जोड्या कुठल्याही क्रमाने आल्या की जवळजवळ दर वेळी प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं, आणि त्या एका फेरीला ढोबळमानाने 100 नॅनोसेकंद लागतात. ओंकारची अख्खी लिस्ट मात्र एक एमबीच्या आसपास बसते, तीही प्रत्येक `vector` चा स्वतःचा बोजा धरून. ती बऱ्याच अंशी कॅशमध्येच राहते. त्यातून एका खात्याचे सहा शेजारी म्हणजे 24 बाइट, आणि प्रोसेसर एका वेळी 64 बाइट उचलतो. सहाही आकडे एकदम हाताशी येतात, ते तपासायला लागणारा वेळ रॅमच्या एका फेरीपेक्षा कमी असतो. पुस्तकात मॅट्रिक्सचा शोध जलद आणि लिस्टचा संथ असं लिहिलेलं असतं. ओंकारच्या बहुतेक खात्यांबाबत ते उलटं पडू शकतं.

मृण्मयी_ल
तुमचेच आकडे घेते. 50 लाख गुणिले 100 नॅनोसेकंद म्हणजे अर्धा सेकंद. रात्रीतून एकदा अर्धा सेकंद! तेवढ्यासाठी त्याने कॅशची चिंता का करावी? तीन ओळींचा कोड, तो चुकायला जागाच नाही. मी अशा कामाला आधी बिटांची मॅट्रिक्सच लिहीन.

गणकयंत्र
आजच्या 20,000 खात्यांसाठी हा मुद्दा मी खोडू शकत नाही.

ओंकार_९
दोन्ही वाचून गोंधळलो होतो, म्हणून आधी लिस्ट करून पाहिली. `adj[a]` मध्ये `find` लावला. 50 लाख जोड्यांना मिनिटाच्या आसपास लागलं. म्हणजे लिस्ट संथच की! सरासरी सहा शेजारी असताना असं का व्हावं? एक सांगायचं राहिलं होतं: संस्थेच्या वीजबिल भरणा खात्याला 9,000 शेजारी आहेत, निम्मं गाव तिथेच पैसे भरतं. आणि तपासायच्या जोड्यांमध्ये ते खातं सारखं येतं.

गणकयंत्र
हेच आधी सांगायला हवं होतं, सगळं उत्तर त्यातच आहे. सरासरी सहा असली तरी तुझ्या तपासण्या सरासरीवर पडत नाहीत, त्या वीजबिलाच्या खात्यावर पडतात. जोडी सापडली नाही की दर वेळी 9,000 आकडे शेवटपर्यंत वाचले जातात. कारण खरंच हे आहे का ते पाहायचं असेल तर प्रत्येक तपासणीत किती आकडे वाचले ते मोजून छाप. बहुतेक ठिकाणी एक अंकी आकडा येईल आणि मध्येच 9,000 दिसेल.

उपाय सोपा आहे. तुझ्या ग्राफला दिशा नाही, म्हणून जोडी दोन्ही लिस्टमध्ये आहे. मग लहान लिस्टमध्येच शोध. प्रत्येक लिस्ट भरून झाल्यावर एकदा `sort` कर आणि मग:

```cpp
bool jodi(int a, int b) {
    if (adj[a].size() > adj[b].size()) swap(a, b);
    return binary_search(adj[a].begin(), adj[a].end(), b);
}
```

वीजबिलाचं खातं आणि पाच शेजारी असलेला शेतकरी अशी जोडी आली तर आता शेतकऱ्याच्या पाच आकड्यांत शोध होतो. दोन्ही खाती अवजड असतील तेव्हाच मोठी लिस्ट वाट्याला येते, आणि तिथेही 9,000 मधला शोध 14 पायऱ्यांत संपतो. `sort` विसरलास तर मात्र `binary_search` तक्रार करणार नाही, गुपचूप चुकीचं "नाही" देईल. पहिल्या दिवशी हजारभर जोड्या मूळ फाइलशी ताडून बघ.

रेवती_कोल्हापूर
कोणीच हॅशचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. 60,000 जोड्या `unordered_set` मध्ये टाका, लहान क्रमांक `u` आणि मोठा `v` धरून किल्ली `u * n + v`. एका नोंदीला तीस-चाळीस बाइट धरले तरी दोन-अडीच एमबी. वीजबिलाचं खातं असो की शेतकऱ्याचं, वेळ तोच. शिवाय रोजच्या नव्या जोड्या सरळ टाकता येतात, क्रम लावायची कटकट नाही.

यात मी एकदा फसले आहे, ते सांगते. किल्ली `int` मध्ये ठेवली होती. नोड 46,340 पर्यंत असताना चाललं, कारण तेवढ्याचा वर्ग `int` मध्ये मावतो. पुढे नोड वाढले तशी किल्ली उलटून ऋण झाली, आणखी वाढल्यावर दोन वेगळ्या जोड्यांची किल्ली एकच यायला लागली, आणि कधीच न जोडलेले नोड जोडलेले दिसू लागले. प्रोग्रॅम कुठेही थांबला नाही. गुणाकाराआधीच `long long` करा, नंतर केलं तर उशीर झालेला असतो.

सह्याद्री_कोडर
हॅशने शेजारी कसे काढणार? उद्या "या खात्याचे सगळे व्यवहार दाखव" म्हटलं तर 60,000 नोंदी चाळायच्या का?

रेवती_कोल्हापूर
मग लिस्टही ठेवा, एक एमबीचीच तर आहे. एकाच रचनेकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट मला कळत नाही.

मृण्मयी_ल
नव्या जोडीचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. मॅट्रिक्समध्ये दोन बिट लावले की संपलं. क्रम लावलेल्या 9,000 च्या लिस्टमध्ये मध्येच आकडा घुसवायचा तर पुढचे सगळे सरकवावे लागतात.

गणकयंत्र
9,000 आकडे म्हणजे 36,000 बाइट सरकवायचे. दिवसाला शेकडो नव्या जोड्या आल्या तरी ते जाणवणार नाही. मला काळजी खात्यांची आहे. ओंकार, शेजारच्या शाखाही यात येणार आहेत का? खाती दहापट म्हणजे 2 लाख झाली तर बिटांची मॅट्रिक्स शंभरपट होते, 50 एमबीची 5 जीबी. जोड्याही दहापटच वाढल्या तर लिस्ट एकाची दहा एमबी होईल.

मृण्मयीची कल्पना तिथेही वाया जात नाही. फक्त अवजड खात्यांना बिटांची ओळ द्यायची. आजच्याच आकड्यांनी बघ: एकूण शेजारी 1,20,000 असताना 300 किंवा त्याहून जास्त शेजारी असलेली खाती 400 पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. एका ओळीला 2,500 बाइट, म्हणजे सगळ्या मिळून एक एमबी. जोडीत एक तरी खातं अवजड असेल तर बिट बघायचा, नाहीतर छोटी लिस्ट. पण आधी वरचा सोपा उपाय करून वेळ मोज. तेवढ्यात भागलं तर हे लिहायची गरज नाही.

ओंकार_९
लिस्ट बदलून केलं. 50 लाख जोड्या दोन-तीन सेकंदांत झाल्या. हजार जोड्या मूळ फाइलशी ताडल्या, सगळ्या जुळल्या. आकडे मोजले तेव्हा खरंच मध्ये मध्ये 9,000 दिसत होते.

तीन शाखा पुढच्या वर्षी येणार आहेत, खाती 70,000 च्या घरात जातील.

मृण्मयी_ल
70,000 चा वर्ग 490 कोटी बिट, म्हणजे 61 कोटी बाइटच्या आसपास. निम्मी रॅम मोकळी आहे म्हणालास, तर बसेल, पण जेमतेम. तरी एक विचारते: तुझी 50 लाखांची यादी खात्यानुसार क्रम लावून तपासता येईल का? एका खात्याच्या सगळ्या जोड्या एकापाठोपाठ आल्या तर एकाच वेळी मॅट्रिक्सची एकच ओळ लागते, सगळी मॅट्रिक्स रॅममध्ये ठेवायचं कारणच उरत नाही. तसं असेल तर मी अजूनही बिटांच्याच बाजूने आहे.

ओंकार_९
यादी दुसऱ्या प्रोग्रॅममधून येते, तिचा क्रम माझ्या हातात नाही. विचारून सांगतो.